घरची शाळा : पाच रेघांची पेंढी

भगिनींनो, मागच्या खेपेला पहिलीतल्या मुलांसाठी वजाबाकीचे खेळ दिले होते. त्यावर एका आईने विचारले आहे की, तिच्या मुलाच्या पुस्तकात उभ्या-तिरक्या रेघांचा एक तक्ता आणि शेजारी रंगवलेल्या चौकटींच्या पट्ट्या आहेत, ते काय प्रकरण आहे आणि ते घरी कसे शिकवावे. प्रश्न रास्त आहे. आपल्या वेळी हे पहिलीत नव्हते. त्या रेघांना पुस्तकात ताळ्याच्या खुणा म्हणतात आणि पट्ट्यांच्या चित्राला स्तंभालेख. नावे जड आहेत, पण आत जे आहे ते खळ्यावरच्या माणसाला नवे नाही.

खळ्यावर धान्य मापताना जुनी माणसे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. माप चालू असताना मध्येच कोणी बोलले, की मापणारा आकडा विसरतो. म्हणून शेजारी बसलेला एखादा पोरगा प्रत्येक मापाला एक खडा बाजूला टाकतो, किंवा भिंतीवर कोळशाने रेघ ओढतो. ती रेघ म्हणजेच ताळ्याची खूण. जी वस्तू समोरून निघून जाते, परत मोजायला थांबत नाही, तिच्यासाठी ही रेघ. गोठ्यातल्या शेळ्या केव्हाही पुन्हा मोजता येतात, त्यांना रेघ नसली तरी चालते. रस्त्याने गेलेली गाडी मात्र गेली ती गेली.

म्हणून मी आमच्या नातीला घेऊन रस्त्यावरच्या गाड्याच निवडल्या. आमची वस्ती मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या एका रस्त्याला लागून आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि जानेवारी म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि अधूनमधून एस.टी. अशी वर्दळ दिवसभर असते. नात सहा वर्षांची, पहिलीत जाते. आम्ही दोघी दुपारी चार वाजता ओट्यावर बसलो, साडेचारला उठलो. ओटा कुंपणाच्या आत आहे. ज्यांचे घर अगदी रस्त्यावर आहे त्यांनी हे काम दाराच्या आतून करावे, पोराला रस्त्याच्या कडेला बसवू नये. उसाची भरलेली गाडी एका बाजूला किती कलते ते तुम्ही बघितले आहेच.

बसण्याआधी मी पाटीवर पाच नावे लिहिली आणि प्रत्येक नावापुढे एक छोटे चित्र काढले, कारण सहा वर्षांच्या मुलाला ‘मोटारसायकल’ हा शब्द वाचेपर्यंत ती गाडी वेशीबाहेर जाते. बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, एस.टी. ही चार. पाचवे नाव तिने सांगितले, टांगा. तिच्या गोष्टीच्या पुस्तकात टांगा आहे. आमच्या रस्त्याला टांगा फिरकत नाही हे मला ठाऊक होते, पण मी ते नाव लिहून घेतले. त्याचे कारण पुढे येईल.

आता रेघा कशा मारायच्या ते सांगते. एक गाडी गेली की एक उभी रेघ. दुसरी गेली की तिच्या शेजारी दुसरी. अशा चार उभ्या रेघा झाल्या की पाचव्या गाडीची रेघ उभी मारायची नाही; ती त्या चारांवरून तिरकी ओढायची. झाला पाचांचा एक जुडगा. सहावी गाडी आली की थोडी जागा सोडून नवीन उभी रेघ. नातीला हे सांगताना मी कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवले आणि म्हटले, “चार ताटे उभी आणि पाचवे ताट त्यांना बांधायला. झाली पेंढी.” ते तिला लगेच कळले. पेंढी बांधताना वरून बंध टाकतात हे तिने शंभर वेळा पाहिलेले. तेव्हापासून आमच्या घरी त्या जुडग्याला पेंढीच म्हणतात.

पाचच का, असे कोणी विचारील. एका हाताची बोटे पाच, हे एक कारण आहेच. दुसरे असे, की तीन-चार वस्तूंपर्यंत आपली नजर न मोजताच ओळखते. त्यापुढे मात्र मोजावे लागते. सात रेघा सलग ओढल्या तर त्या सात आहेत की आठ हे बघून सांगता येत नाही. एक पेंढी आणि दोन सुट्या असे दिसले, की नजर थांबत नाही.

इथे मुलांची एक चूक हमखास होते. मूल पाच उभ्या रेघा मारते आणि मग वरून सहावी तिरकी ओढते, कारण त्याच्या कानात ‘पाच’ हा शब्द बसलेला असतो. पेंढी दिसायला ठीक दिसते, पण तिच्यात सहा असतात, आणि शेवटी पाच-पाच करून मोजले की बेरीज कमी भरते. ओळखायची खूण सोपी आहे: बंधाखाली उभी ताटे किती, ते बघायचे. चार असली तर ठीक. पाच असली तर मुलाला विचारायचे, “हा बंध म्हणजे गाडी आहे का नुसता दोर?” बंध हीसुद्धा एक गाडी आहे, हे त्याच्या तोंडून आले पाहिजे. आपण सांगून ते राहत नाही.

आता त्या अर्ध्या तासात जे घडले ते सांगते, त्यात माझीच चूक आहे.

ती पाटीवर रेघा मारत होती आणि मी वहीत गुपचूप माझी मोजदाद ठेवत होते. मोठ्या माणसाने अशी आपली वेगळी मोजदाद ठेवावी, मुलाला दाखवू मात्र नये. साडेचार वाजता दोन्ही ताडून बघितल्या. बैलगाड्या तिच्या सात, माझ्या सात. मोटारसायकली दोघींच्या बारा. एस.टी. दोन. टांग्यापुढे काही नाही. ट्रॅक्टर मात्र माझ्या वहीत नऊ आणि तिच्या पाटीवर तेरा! मी पटकन म्हणून गेले, “चुकलं गं. नऊच गेले. चार जास्त लिहिलेस.” तिने काही उत्तर दिले नाही. पाटी पालथी घातली आणि आत जाऊन आईजवळ बसली. रात्री म्हणाली, “मला नाय यायचं मोजायला.”

दुसऱ्या दिवशी तिच्या आजोबांनी तिला विचारले, तेही वेगळ्या तऱ्हेने. ते म्हणाले, “बाई, तुझे तेरा कसे झाले ते मला दाखव बरं. मला मोजता येईना.” ती लगेच सांगू लागली. एका ट्रॅक्टरला कधी एक ट्रॉली असते, कधी दोन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला की तिने दोन रेघा मारल्या होत्या. असे चार ट्रॅक्टर गेले, बाकीचे पाच एकेका ट्रॉलीचे. पाच आणि आठ, तेरा. तिची मोजदाद अगदी बरोबर होती, फक्त ती ट्रॉल्या मोजत होती आणि मी ट्रॅक्टर. कोणते मोजायचे हे मी आधी सांगितलेच नव्हते.

मी तिच्याकडे गेले आणि म्हटले, “आज्जीचं चुकलं. तू ट्रॉल्या बरोबर मोजल्यास.” मग आम्ही दोघींनी मिळून ठरवले, की ट्रॅक्टर म्हणजे पुढचे इंजिन, मागे ट्रॉल्या कितीही असोत, रेघ एक. मोटारसायकलवर तिघे बसले तरी रेघ एक. तीच एस.टी. जाऊन परत आली तर? तिचे म्हणणे पडले की ती पुन्हा दारासमोरून गेली, म्हणून पुन्हा रेघ. मला पटले, आपण दारावरून जाणे मोजत आहोत, गावातल्या गाड्या नव्हे. हे सगळे मोजायला बसण्याआधी ठरवायचे असते. मूल आणि मोठे माणूस यांचे आकडे जुळले नाहीत, तर दहातले निदान काही वेळा भांडण आकड्याचे नसून या ठरवण्याचे असते, असा माझा आताचा अनुभव आहे.

नवीन ठरावाप्रमाणे तिने ट्रॅक्टरपुढच्या चार रेघा पुसल्या आणि तक्ता असा झाला. छापखान्यात चार रेघांवरून तिरकी रेघ छापता येत नाही म्हणून ती इथे शेजारी दाखवली आहे. तुम्ही वहीत उतरवताना ती चारांवरूनच ओढा.

बैलगाडी : ||||/ ||
ट्रॅक्टर : ||||/ ||||
मोटारसायकल : ||||/ ||||/ ||
एस.टी. : ||
टांगा :

ज्यांच्या दारावरून इतकी वाहने जात नाहीत त्यांनी हाच तक्ता वहीत उतरवून मुलापुढे ठेवावा. मुलाने प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहायचा. मोजताना पेंढीवर बोट ठेवून ‘पाच’ म्हणायचे आणि सुट्या रेघांवर पुढे ‘सहा, सात’. पुष्कळ मुले पेंढीतल्या रेघाही एक-दोन-तीन करून मोजतात. मोजू द्या. उत्तर बरोबर येते, फक्त वेळ लागतो. बारापर्यंत गेल्यावर ती स्वतःच कंटाळतात आणि पाचापासून सुरू करतात.

यानंतर पट्ट्या. वहीवर जाण्याआधी आम्ही जमिनीवर केले. रिकाम्या काडेपेट्या मी वर्षभर साठवते. तुमच्याकडे नसतील तर मक्याचे दाणे नकोत, ते लहान-मोठे असतात, एका मापाच्या वस्तू हव्यात. भिंतीला टेकवून एक काडेपेटी ठेवायची, तिला चिकटून दुसरी, अशी एका गाडीला एक काडेपेटी. बैलगाडीची रांग सात पेट्यांची, तिच्या बाजूला ट्रॅक्टरची नऊ पेट्यांची. पेट्या कमी पडल्या तर एक रांग मोडून दुसरी करावी लागते आणि मग दोन्ही एकदम दिसत नाहीत, तेव्हा तीस तरी जमवाव्यात.

भिंत महत्त्वाची. आमच्या नातीने पहिल्यांदा एस.टी.ची रांग भिंतीपासून दोन विती पुढे सुरू केली, आणि दोनच पेट्यांचे टोक बैलगाडीच्या टोकाच्या पुढे गेले. मी काही बोलले नाही. विचारले, “जास्त कोण गेल्या, एस.टी. का बैलगाड्या?” तिने टोकाकडे बघितले, मग पेट्यांकडे, आणि हसून एस.टी. मागे ढकलली. बैलांची शर्यत लावताना सगळ्या जोड्या एकाच रेघेवर उभ्या करतात, तसेच हे. एकदा हे हाताने झाले की वहीत पट्टी कुठून सुरू करायची हे सांगावे लागत नाही.

मग चौकटीची वही. डाव्या बाजूला एक जाड उभी रेघ ओढून तिला ‘भिंत’ म्हणायचे. रेघेच्या डावीकडे गाडीचे नाव किंवा चित्र, उजवीकडे चौकटी. एका गाडीला एक चौकट रंगवायची. दोन नावांमध्ये एक ओळ रिकामी सोडावी, नाही तर रंग एकमेकांत जातो. आमची पट्टी अशी आली:

बैलगाडी | ■■■■■■■
ट्रॅक्टर | ■■■■■■■■■
मोटारसायकल | ■■■■■■■■■■■■
एस.टी. | ■■
टांगा |

चौकटीच्या वहीऐवजी कोऱ्या कागदावर मूल स्वतः चौकटी काढू लागले तर एक भानगड होते. सुरुवातीच्या चौकटी ऐसपैस निघतात आणि कागदाची कड जवळ आली की शेवटच्या चिंचोळ्या होतात. मग नऊ चौकटींची पट्टी बारांच्या पट्टीएवढी दिसते. हे समजावत बसण्यापेक्षा चौकटीची वहीच द्यावी. वही नसेल तर घडी घालून कागदाला चुण्या पाडाव्यात. सारख्या घड्या पडल्या की सारख्या चौकटी मिळतात.

पट्टीच्या खाली आकडे लिहायचे असतील तर आणखी एक जागा घसरण्याची आहे. एक हा आकडा पहिल्या चौकटीच्या पोटाखाली लिहावा. मोठ्या वर्गात आकडे रेघांखाली लिहितात आणि भिंतीखाली शून्य येते, पण सहा वर्षांच्या मुलाने रेघा मोजायला घेतल्या तर ते भिंतही मोजते आणि उत्तर एकाने वाढते. कोणाचे सगळेच उत्तर एकाने जास्त येत असेल, तर बहुधा ते चौकटी नव्हे, रेघा मोजत आहे.

जाता जाता सांगते, या पट्ट्यांची युक्ती फार जुनी नाही. १७८६ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटलंडच्या माणसाने व्यापाराच्या आकड्यांचे एक पुस्तक छापले. इतर देशांचे त्याच्याकडे बऱ्याच वर्षांचे आकडे होते, त्यांच्या त्याने वर-खाली जाणाऱ्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा काय काढणार? म्हणून त्याने कोणत्या मुलखाशी किती आयात-निर्यात झाली त्याच्या आडव्या पट्ट्या काढल्या. अडचणीतून निघालेली ही गोष्ट आज पहिलीच्या पुस्तकात आली आहे.

आता प्रश्न. पट्ट्यांचे चित्र समोर ठेवून हे एकेक विचारावेत, सगळे एका बैठकीत नकोत. दोन दिवसांत वाटून घ्या.

१. एस.टी. किती गेल्या?
२. सगळ्यात लांब पट्टी कोणाची?
३. सगळ्यात कमी काय गेले?
४. टांगे किती गेले?
५. बैलगाड्या आणि एस.टी. मिळून किती?
६. बैलगाड्यांपेक्षा ट्रॅक्टर किती जास्त?
७. सगळ्या मिळून किती गाड्या गेल्या?
८. ट्रॅक्टर कोणत्या कारखान्याला गेले?

उत्तरे सांगताना पहिल्या दोघांवर थांबत नाही. दोन आणि मोटारसायकल. तिसऱ्यावर मात्र घरात वाद होईल. काही मुले ‘एस.टी.’ म्हणतील, काही ‘टांगा’. टांगा एकही गेला नाही, म्हणून सगळ्यात कमी टांगाच, हे खरे. पण जो गेलाच नाही तो ‘गेलेल्यांत’ धरायचा का, हा मुलाचा प्रश्नही खरा. दोन्ही उत्तरे घ्यावीत आणि “असं का?” एवढे विचारावे. कारण सांगता आले की उत्तर बरोबर.

चौथ्याचे उत्तर शून्य. याचसाठी मी टांग्याचे नाव लिहून घेतले होते. रिकामी ओळ बघून मूल विचारते, “इथं काय रंगवू?” काही नाही. आकडा लिहायचा झाल्यास शून्य. मुले दहातला, वीसातला शून्य लिहितात, पण ‘काहीच नाही’ याला शून्य लिहायचे हे त्यांना एखाद्या रिकाम्या ओळीखेरीज पटत नाही. काही मुलांना ओळ रिकामी बघवत नाही आणि ती एक चौकट रंगवून टाकतात. पुसायला लावू नका, विचारा, “हा टांगा कधी गेला? मी बघितला नाही गं.” पुसायचे की नाही ते त्यांचे त्यांना कळते.

पाचव्याचे उत्तर नऊ. ज्याला बेरीज येत नाही त्याने काडेपेट्यांच्या दोन रांगा एकापुढे एक लावाव्यात. चौकस मूल म्हणेल की ही रांग तर ट्रॅक्टरएवढी झाली. झालीच आहे, सात आणि दोन मिळून नऊ. आमच्या नातीला हे आपोआप दिसले आणि तिने ते शेजारच्या घरी जाऊन सांगितले.

सहावा प्रश्न सर्वांत अवघड आहे, त्यावर वेळ द्या. ‘किती जास्त’ असे विचारले की बहुतेक मुले ‘नऊ’ म्हणतात. मूल चुकले असे नाही, त्याने प्रश्नातला ‘किती’ ऐकला आणि जास्त असलेली पट्टी मोजली. त्याला दोन आकड्यांमधले अंतर विचारले आहे हे अजून उमगलेले नसते. इथे वजाबाकी लिहून दाखवण्याची घाई नको. दोन रांगा शेजारी ठेवा. बैलगाडीच्या शेवटच्या पेटीच्या टोकाला एक काडी आडवी ठेवा. म्हणा, “इथपर्यंत दोघं बरोबर चालले. आता ट्रॅक्टर एकटाच पुढे गेला. किती पावलं गेला?” मूल काडीच्या पलीकडच्या पेट्या मोजते : दोन. दुसरी एक रीत म्हणजे प्रश्नच बदलून विचारणे : “बैलगाड्यांना ट्रॅक्टरइतकं व्हायला अजून किती यायला पाहिजेत?” पुष्कळ मुलांना या शब्दांत तो लगेच कळतो. आमच्या नातीला पहिल्या दिवशी नाही कळला. आम्ही सोडून दिला आणि चार दिवसांनी भाकरीवर घेतला. वडिलांच्या ताटात तीन, तिच्या ताटात एक. तेव्हा कळला.

सातव्याचे उत्तर तीस. सहा वर्षांच्या मुलाला चार आकड्यांची बेरीज तोंडी जमत नाही, म्हणून रेघांच्या तक्त्याकडे परत जावे. भरलेल्या पेंढ्या मोजा : बैलगाडीची एक, ट्रॅक्टरची एक, मोटारसायकलच्या दोन. चार पेंढ्या म्हणजे पाच, दहा, पंधरा, वीस. सुट्या रेघा दोन, चार, दोन आणि दोन, म्हणजे दहा. या दहांच्या आणखी दोन पेंढ्या बांधता येतात. सहा पेंढ्या, तीस गाड्या. उत्तर अठ्ठावीस-एकोणतीस आले तरी वाईट वाटू देऊ नका. बोट कुठे सरकले ते एकदा सोबत बघा, तेवढे पुरे.

आठव्याचे उत्तर कागदावर नाही. मूल धडाधड एखाद्या कारखान्याचे नाव सांगते, कारण घरात ते रोज ऐकते. विचारा, “हे कोणत्या पट्टीत लिहिलंय?” पट्टीत गाड्या किती ते आहे, कुठे गेल्या ते नाही. मोठी माणसेही इथेच घसरतात. आमच्याकडे आजोबा नेहमी म्हणायचे, की बैलगाडीने ऊस आता कोण नेतो, सगळे ट्रॅक्टरवरच. नातीने त्यांच्यापुढे पाटी धरली, सात बैलगाड्या आणि नऊ ट्रॅक्टर. त्यांनी मान हलवली, पण तेही कच्चे नव्हते. म्हणाले, “हे अर्ध्या तासाचं झालं. पहाटे मोजलं तर? आणि एकेका ट्रॅक्टरवर ऊस किती जातो?” दोघांचेही बरोबर होते. गाड्यांचा आकडा उसाचा आकडा नव्हे, आणि दुपारचे चार म्हणजे सगळा दिवस नव्हे.

मुलाची वही तपासताना लाल पेन्सिल वापरू नये, असे मी आता स्वतःला घालून घेतले आहे. चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याऐवजी त्याच्या शेजारी एक लहान ठिपका द्यावा. ठिपका म्हणजे ‘इथे मला दाखव’. मूल दाखवते तेव्हा निम्म्या वेळा त्याचे त्यालाच सापडते, आणि कधीकधी तेरा ट्रॉल्यांसारखे काही निघते. सगळे बरोबर आले तरी एखाद्या उत्तरावर ठिपका द्यावा, म्हणजे ठिपका दिसला की चूक, असे त्याच्या मनात बसत नाही.

हंगाम संपल्यावर रस्ता ओस पडतो. तेव्हा कोंबड्यांची अंडी घ्या. सोमवारपासून रविवारपर्यंत रोज किती मिळाली, त्याच्या सात ओळी. अंड्यांना मात्र रेघ सकाळीच, गोळा करतानाच मारायला हवी. दुपारपर्यंत त्यातली चार तव्यावर गेलेली असतात. नातीने परवापासून पाटी खुराड्याच्या दाराला टांगून ठेवली आहे. काल मंगळवारच्या ओळीत एक पेंढी आणि एक सुटी रेघ होती.